बाथरूम तुंबवून घरमालकाला तोंड कसं द्यावं

परदेशात चौघांनी मिळून घेतलेल्या फ्लॅटमध्ये बाथरूम तुंबवायला अक्कल लागत नाही, पण पद्धत पाळावी लागते. पहिलं म्हणजे जमिनीवर पाणी जायची जाळी शोधत बसू नका. तिथल्या बऱ्याच बाथरूमांत ती नसतेच. पाणी टबातच राहील असं बांधणाऱ्याने धरून चाललेलं असतं. बिचाऱ्याची तुमची ओळख कुठे झाली होती?

आता टबात रजई भिजत घाला, बूच लावा, नळ पूर्ण सोडा आणि आईला फोन लावा. टबाच्या काठाखाली एक गोल भोक असतं, जादा पाणी त्यातून जातं, म्हणून निर्धास्त राहा. ते भोक आतून टबाच्याच निचऱ्याच्या नळीला मिळतं, तेही ट्रॅपच्या, म्हणजे नळीतल्या पाणी धरून ठेवणाऱ्या वाकड्या भागाच्या आधी, हे मनात आणू नका. ट्रॅपमध्ये चौघांच्या केसांचा बोळा बसला असेल, तर बूच काढलं काय नि भोक असलं काय, पाणी तुंबणारच. नळ मिनिटाला 10 लिटर सोडत असेल आणि टबात 150 लिटर मावत असतील, तर 20 मिनिटांच्या फोनात 50 लिटर जमिनीवर येतं. चार चौरस मीटरच्या खोलीत ते सव्वा सेंटिमीटर चढेल. पण तितकं चढायला ते थांबत नाही. टबाच्या कडेचं सिलिकॉन जिथे फाटलंय तिथून आणि कमोडच्या पाइपाभोवतीच्या फटीतून ते खाली निघून जातं. तुम्हाला वाटतं, चला, ओसरलं.

खालच्या मजल्यावर जाऊन सांगायची घाई नको. त्यांच्या जिप्समच्या छताला फुगा आला की ते स्वतःच वर येतील. पाणी दिव्यातून ठिबकत असेल तर बटणाला हात लावू नका, बोर्डावरून त्या खोलीचा एमसीबी पाडा, असलं काही सांगून त्यांना उगाच घाबरवू नका.

घरमालकाला दोन दिवसांनी कळवा, आणि 'पाइप आपोआप लीक झाला' असंच कळवा. तो प्लंबर पाठवेल. प्लंबर टब भरून सोडेल, सांध्यांवर कोरडा टिश्यू फिरवेल, तो कोरडाच निघेल. मग ट्रॅप उघडून बोळा वर्तमानपत्रावर ठेवेल आणि त्याचा फोटो घरमालकाला पाठवेल. पाणी चुकून सांडलं असं त्याच दिवशी कळवलं असतं, तर तुमचा विमा असल्यास भरपाई मागता तरी आली असती. आता विमा कंपनी आधी उशिराचं कारण विचारेल.

करारावर चौघांच्या सह्या एकत्र असतील तर चूक कोणाची हे शोधायची घरमालकाला गरजच नाही. तो सामायिक डिपॉझिटमधून कापतो. बाकी तिघांकडून तो हिशेब तुम्ही ऐकायचा.