बेडूक दोन ठिकाणी का?

«मॅडम, तळ्यावरचा पाठ वाचला. बेडूक एकदा शेवाळ खाणारा आणि एकदा कीटक खाणारा दाखवलाय. पुस्तकात बेडूक मांसाहारी आहे. वर बेडकाकडून चतुराकडे बाण आणि चतुराकडून बेडकाकडे बाण, म्हणजे दोघं एकमेकांना खातात? सातवीची पोरं गोंधळतील आणि परीक्षेत गुण जातील. गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार एवढं पुरे होतं. आणि पोरांना तळ्यात उतरवायची जोखीम कुणी घ्यायची? – एक निवृत्त शिक्षक, तासगाव»

नमस्कार सर,

शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करते, कारण तिथं तुमचं बरोबर आहे. मी लिहिताना 'तळ्यावर जाऊन' एवढंच लिहिलं, त्यातून मुलं पाण्यात उतरतात असं वाटणं साहजिक आहे. आमच्या आटपाडीकडच्या गावात मुलं धुण्याच्या दगडापर्यंतही जात नाहीत, बांधावर उभी राहतात. काठीला बांधलेली चहाची गाळणी आणि बादली घेऊन खाली मी जाते. अर्धी बादली पाणी, त्यात थोडा गाळ आणि शेवाळ धरलेला एखादा दगड, एवढं शाळेच्या व्हरांड्यात येतं आणि पांढऱ्या ताटात ओतलं जातं. हाताला जखम असलेलं मूल ताटात हात घालत नाही, बाकीच्यांनी नंतर साबणानं हात धुवायचे. संध्याकाळी सगळं पाणी जिथून आणलं तिथं परत. हे आता मूळ पाठात घातलं आहे.

आता बेडकाचं. मी कार्डावर 'बेडूक' असं दोनदा लिहिलं ही चूकच झाली. एका कार्डावर 'भैकेर', म्हणजे बेडकाचं पाण्यातलं शेपटीवालं पिल्लू, आणि दुसऱ्यावर 'बेडूक' हवं होतं. जीव एकच असला तरी अन्नजाळ्यात त्याची कामं दोन आहेत आणि ती मुलांना डोळ्यांनी दिसतात. जॅमच्या स्वच्छ काचेच्या बाटलीत पाणी घेऊन त्यात एक भैकेर सोडा, बाटली डोक्याच्या वर उजेडात धरा आणि खालून बघा. पोटाच्या पातळ कातडीतून आतडं दिसतं, जिलेबीसारखं वेटोळ्यावर वेटोळं घातलेलं. इतक्या इवल्या पोटात एवढं लांब आतडं कशाला, असं कुणीतरी विचारतंच. शेवाळ आणि दगडावरचा चिकट थर खरवडून खाणाऱ्याला ते पचवायला लांब आतडं लागतं. पाय फुटून शेपटी आखडते तेव्हा हेच आतडं आखूड होतं, खरवडायची चोच गळून पडते आणि तोंड रुंद होतं. मधले काही दिवस तो काही खात नाही, स्वतःच्या शेपटीवर जगतो. बाहेर येतो तो कीटक गिळणारा बेडूक. पुस्तकातलं वाक्य त्या बेडकाबद्दल आहे आणि ते बरोबरच आहे.

चतुराचंही तसंच. पंखवाला चतुर आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो. त्याची अळी मात्र गाळात बसते, मातकट, सहा पायांची, दिसायला अगदी सुस्त. पण भैकेर जवळून गेलं की तिचा खालचा ओठ घडी उलगडून झटकन पुढं येतो आणि शिकार धरतो. ताटात हे नेहमी दिसतंच असं नाही. ते नाही दिसलं तरी काठच्या लव्हाळ्यावर तिची वाळकी कात चिकटलेली सापडते, पाठीवर चीर पडलेली. मुलं ती खिशात घालून घरी नेतात. आईची बोलणी मग मला खावी लागतात.

म्हणजे पाण्यात चतुराची अळी भैकेराला खाते आणि पाण्याबाहेर बेडूक चतुराला खातो. दोघं खरंच एकमेकांना खातात, फक्त वेगवेगळ्या वयात. सरळ साखळीत हे बसवताच येत नाही. जाळं शिकवायचं ते एवढ्याचसाठी. कार्डं सहा लागतात: शेवाळ, भैकेर, चतुराची अळी, चतुर, बेडूक आणि दिवड साप. त्यांतल्या भैकेर–बेडूक आणि अळी–चतुर या दोन जोड्यांना तुटक रेघ द्यायची, कारण ते वाढणं आहे, खाणं नाही. बाणाच्या बाबतीत मुलं हटकून चुकतात. बेडूक चतुराला खातो म्हणून बेडकाकडून बाण काढतात. मी त्यांना बाण मोठ्यानं वाचायला लावते: 'चतुर, बेडकाच्या पोटात'. वाचून विचित्र वाटलं की बाण उलटा आहे. तुमची गवत–नाकतोडा साखळीही मी फळ्यावर काढतेच, जाळ्यातून ओढून काढलेला एक धागा म्हणून. परीक्षेत तीच लिहायची हे मुलांना ठाऊक असतं.

खरी कसोटी कार्ड काढून घेतल्यावर लागते. मागच्या वर्षी मी चतुराच्या अळीचं कार्ड उचललं. पहिलं उत्तर लगेच आलं, भैकेरं वाढतील, मग बेडूक वाढतील. मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, अळीच नाही तर चतुर कुठून येणार, बेडकाला खायला कमी पडेल. मग मी दगडावरचं शेवाळ दाखवलं. ते तेवढंच आहे आणि खाणारी तोंडं दुप्पट झाली. गर्दीत भैकेरं सावकाश वाढतात, बारीक राहतात. आमचं तळं तर दरवर्षी आटतं. पाय फुटायच्या आत पाणी संपलं की त्यांचा बेडूक होत नाही. तेव्हा शेवटी बेडूक वाढतील की घटतील, हे पाणी किती दिवस टिकतं यावर ठरणार. दोन्ही उत्तरांना मी पूर्ण गुण दिले, कारण मधला प्रत्येक दुवा मुलांनी सांगितला होता. 'बेडूक वाढतील' एवढंच लिहून थांबलेल्याला अर्धे.

आता तुम्ही न काढलेली एक चूक मीच सांगते. 'भैकेर शेवाळ खातं' असं मी सरसकट लिहिलं होतं. त्याच ताटात एक भैकेर बाकीच्यांपेक्षा चांगलंच मोठं होतं. मधल्या सुट्टीनंतर बघतो तर इतर भैकेरं कमी झालेली आणि एकाची शेपटी त्या मोठ्याच्या तोंडात. पहिल्या जोरदार पावसात नर पिवळेजर्द होऊन ओरडतात तो मोठा बेडूक तुमच्याकडंही असेल. त्याची भैकेरं शिकारी असतात, दुसऱ्या भैकेरांवर जगतात. म्हणून आता मोठं भैकेर दिसलं की ते वेगळ्या बाटलीत ठेवायचं, नाहीतर पाठ संपेपर्यंत ताट रिकामं होतं.

त्या दिवशी सातवं कार्ड करावं लागलं: 'मोठ्या बेडकाचं भैकेर'. साध्या भैकेराकडून त्याच्याकडे बाण गेला. एका मुलीनं त्या कार्डापासून निघून त्याच कार्डावर परत येणारा आणखी एक बाण काढला आणि खोडू का म्हणून विचारलं. खोडू दिला नाही. हे भैकेर आपल्या भावंडांनाही सोडत नाही.