ओळी मोडल्या की कविता मोडते, किती वेळा सांगू!

डोकं फिरलंय आज. सोसायटीच्या मराठी भाषा दिनाच्या पत्रकासाठी केशवसुतांची 'तुतारी' टाईप करायची होती, मी पुस्तकाच्या पानांचा फोटो पाठवला, आणि एका दादांनी फोटोतून मजकूर उचलणारं ॲप लावून पाच मिनिटांत "झालं" म्हणून परत पाठवलं. बघते तर सगळी कविता एका सलग परिच्छेदात! वरून म्हणतात, "शब्द तर सगळे आहेत ना ताई?"

अहो शब्द असून काय उपयोग! पहिलं कडवं असं आहे:

एक तुतारी द्या मज आणुनि
फुंकिन मी जी स्वप्राणाने
भेदुनि टाकिन सगळी गगने
दीर्घ जिच्या त्या किंकाळीने
अशी तुतारी द्या मजलागुनि

मधल्या तीन ओळींचं यमक एक आणि पाचवी ओळ परत पहिलीला जाऊन मिळते, म्हणजे ओळ कुठे संपते ते कवीनेच सांगून ठेवलंय, नुसतं मोठ्याने वाचलं असतं तरी कळलं असतं. त्यात त्यांनी "फुंकिन"चं "फुंकीन" आणि "भेदुनि"चं "भेदून" केलं, शुद्धलेखन सुधारलं म्हणे! प्रत्येक ओळीत सोळा मात्रा आहेत, मोजून बघा, ऱ्हस्व कि दीर्घ केली की सतरा होतात आणि म्हणताना जीभ अडखळते. ती चूक नव्हती हो, तो छंद होता.

मग बसले मीच रात्री. सगळ्यात त्रास पान उलटतं तिथे, कडव्याच्या तीन ओळी या पानावर आणि दोन पुढच्या, ॲप तिथे बिनधास्त नवं कडवं सुरू करतं. पाच-पाच ओळी मोजत गेले आणि शेवटचं यमक पहिल्या ओळीशी जुळतंय का ते बघितलं तेव्हा कुठे कडवी लागली. वर्डमध्ये कडव्याच्या आत Shift+Enter, दोन कडव्यांमध्ये दोनदा Enter, आणि अलाइनमेंट डावीकडे, कारण जस्टिफाय राहिलं की Shift+Enter वाल्या ओळी ताणून शब्दांमध्ये भगदाडं पडतात. एवढंच काम होतं!

आणि खाली अर्थ काय लिहिलेला, तर "कवीला तुतारी वाजवायची आवड आहे". संताप संताप झाला! ते खोडून मी लिहिलं: जुन्या रूढींत निजलेल्या समाजाला जागं करण्यासाठी कवी तुतारी मागतोय, ती तो स्वतःच्या प्राणाने फुंकणार आहे. जे जुनं आहे ते मरू द्या, जाळा नाहीतर पुरा, आणि पुढच्या हाका ऐकून खांद्याला खांदा लावून चला, असं तो सगळ्यांना सांगतो.

सकाळी पाठवलं. दादांनी ते उचलून ग्रुपवर टाकताना दोन कडव्यांमधल्या रिकाम्या ओळी काढून टाकल्या, का तर म्हणे एका पानात बसत नव्हतं. अहो, मग फॉन्ट एक पॉइंट लहान करायचा होता ना!