समरी राउट दिसतोय म्हणून आतलं सगळं पोहोचतंय असं नाही

> "सबनेट सलग असतील तर बिनधास्त एका राउटमध्ये गुंडाळा. आतलं एखादं नेटवर्क गेलं तर राउटर समरी आपोआप मागे घेतो. दोन एबीआरवरून तीच समरी जाहीर केली की रिडंडन्सीही मिळते. आणि Null0 चा तो राउट पॅकेट गिळतो, तो काढून टाका."

गुंडाळायला माझी हरकत नाही, पुढच्या तिन्ही विधानांना आहे. हा सल्ला वाचून कुणी उद्या कॉन्फिगरेशन बदलेल, म्हणून सविस्तर लिहितो. एकच उदाहरण घेऊ.

ओएसपीएफच्या एरिया १ मध्ये चार सबनेट आहेत, 10.20.0.0/24 पासून 10.20.3.0/24 पर्यंत. पहिली दोन 'क' राउटरवर, उरलेली दोन 'ख' राउटरवर. एबीआर-१ ची लिंक 'क'ला, एबीआर-२ ची 'ख'ला, आणि 'क' व 'ख' एकमेकांना जोडलेले. प्रत्येक लिंकची कॉस्ट १० आणि प्रत्येक सबनेटची १. दोन्ही एबीआरवर हे लिहिलंय:

```
router ospf 1
 area 1 range 10.20.0.0 255.255.252.0
```

त्यामुळे बाहेरच्या राउटरना चार /24 दिसत नाहीत, फक्त 10.20.0.0/22 दिसतो.

आधी समरी मागे घेण्याबद्दल. चारपैकी एक सबनेट गेलं तरी एबीआर /22 जाहीर करतच राहतो. दोन गेले, तीन गेले, तरीही. शेवटचा घटक राउटिंग टेबलमधून निघतो तेव्हाच समरी मागे घेतली जाते. ईआयजीआरपीची समरी आणि बीजीपीचं `aggregate-address` यांचंही तसंच. हा काही दोष नाही. आतल्या एका लिंकची चढ-उतार बाहेरच्या शेकडो राउटरना कळू नये, यासाठीच तर समरी करतात. सबनेट खरोखरच बंद पडलं असेल तर नुकसानही फारसं नाही. त्याच्याकडे निघालेलं पॅकेट तसंही पोहोचणार नव्हतं, ते आता उगमाजवळ टाकलं न जाता एबीआरपर्यंत जाऊन टाकलं जातं, इतकाच फरक. हाताने लिहिलेला Null0 चा स्टॅटिक राउट जाहीर केला असेल तर तो मात्र सगळे घटक गेले तरी हलत नाही.

खरा धोका आहे सबनेट जिवंत असताना, आणि तो नेमका दोन एबीआरच्या "रिडंडन्सी"त आहे. समजा 'क' आणि 'ख' यांच्यामधली लिंक तुटली. चारही सबनेट चालू आहेत, दोन्ही एबीआर चालू आहेत, पण एरिया १ चे दोन तुकडे झाले. एबीआर-१ ला आता .0 आणि .1 दिसतात, एबीआर-२ ला .2 आणि .3. दोघांकडेही किमान एक घटक शिल्लक आहे, म्हणून दोघंही पूर्ण /22 जाहीर करत राहतात. कोअर राउटरला दोघांची कॉस्ट सारखीच दिसत असेल तर तो ट्रॅफिक दोघांत वाटतो. 10.20.2.10 कडे निघालेला जो फ्लो एबीआर-१ च्या वाट्याला येतो, तो तिथेच संपतो. एबीआर-१ वर `show ip route` मध्ये ही ओळ दिसेल:

```
O   10.20.0.0/22 is a summary, 00:04:12, Null0
```

10.20.2.0/24 नाहीसा झाल्यावर त्या पत्त्याला जुळणारा सगळ्यात नेमका राउट हाच उरतो. एबीआर-२ कडून आलेला /22 मदतीला का येत नाही? ओएसपीएफचा नियमच तसा आहे. मिळालेली समरी आपल्या स्वतःच्या चालू रेंजशी तंतोतंत जुळत असेल, तर एबीआर तिच्याकडे दुर्लक्ष करतो. समरी नसती तर एबीआर-२ ने बॅकबोनमध्ये 10.20.2.0/24 वेगळा जाहीर केला असता, एबीआर-१ ने तो उचलला असता आणि पॅकेट बॅकबोनमधून वळसा घालून पोहोचलं असतं. एरिया तुटला तरी ओएसपीएफ सांधून घेतं, ते सांधणं या समरीने बंद केलं. १९९८ च्या आरएफसी २३२८ मध्ये ही अट स्पष्ट दिलेली आहे: एरिया तुटल्यावरही राउटिंग पूर्ण राहायला हवं असेल, तर एक अॅड्रेस रेंज दोन तुकड्यांत विभागली जाता कामा नये.

कॉस्टही सावध करत नाही. आरएफसी २३२८ नुसार समरीची कॉस्ट म्हणजे घटकांमधली सर्वांत मोठी कॉस्ट. लिंक तुटण्याआधी एबीआर-१ साठी ती २१ होती: 'क'पर्यंत १०, तिथून 'ख'पर्यंत १० आणि सबनेटची १. तुटल्यावर दूरचे घटक गेले, उरल्यांची कॉस्ट ११. म्हणजे बिघाड झाल्यावर राउट बाहेरून आधीपेक्षा चांगला दिसायला लागला! जुन्या आरएफसी १५८३ च्या पद्धतीत सर्वांत लहान कॉस्ट घेतात, आणि सिस्कोच्या आयओएसवर डिफॉल्ट तीच आहे. तिथे आधीही ११ आणि नंतरही ११, बाहेर काहीच हललेलं दिसत नाही.

म्हणून हा बिघाड ओळखायला त्रास होतो. एकाला सर्व्हर मिळतो, शेजारच्याला मिळत नाही, कारण दोघांचे फ्लो वेगवेगळ्या एबीआरवर गेलेले असतात. कोअरवर राउट व्यवस्थित दिसतो. ज्याचं अडलंय त्याच्या मशीनवरून ट्रेसराउट काढा. तो एबीआर-१ पर्यंत जाऊन थांबला, की त्याच एबीआरवर `show ip route 10.20.2.10` द्या. उत्तरात /24 ऐवजी /22 आणि Null0 दिसलं, तर हाच प्रकार.

आता Null0 काढण्याचं. आयओएसमध्ये `no discard-route internal` देऊन तो निघतो, हे खरं आहे. पण मग 10.20.2.10 चं पॅकेट एबीआर-१ कुठे पाठवेल? त्याचा डिफॉल्ट राउट कोअरकडे असेल तर परत कोअरकडे. कोअरकडे /22 आहे, तो पुन्हा एबीआर-१ कडे पाठवणार. टीटीएल ६४ ने निघालेलं पॅकेट ती एकच लिंक पन्नासहून अधिक वेळा ओलांडून मग मरतं. पोहोचत तर नाहीच, आणि त्या लिंकवरचा .0 व .1 चा चांगला ट्रॅफिकही गुदमरतो. Null0 ने पॅकेट हरवत नाही, ते आधीच हरवलेलं असतं. Null0 फक्त त्याला फिरत राहू देत नाही. तो राहू द्या.

उपाय दोन आहेत. पहिला, एबीआर-१ आणि एबीआर-२ यांच्यात थेट लिंक टाका आणि ती एरिया १ मध्ये ठेवा. इथे बरेच जण चुकतात. लिंक टाकतात, पण एरिया ० मध्ये. एरिया ० मधून एबीआर-१ ला पुन्हा तो दुर्लक्षित /22 च मिळतो, .2 चा /24 मिळत नाही. लिंक एरिया १ मध्ये असेल तर /24 सरळ दिसतो आणि नेमका असल्यामुळे Null0 च्या आधी लागू होतो.

दुसरा उपाय मला जास्त पटतो, कारण त्याला नवी लिंक लागत नाही. नेटवर्क जिथे तुटू शकतं तिथेच समरीही कापा. दोन्ही एबीआरवर एका /22 ऐवजी 10.20.0.0/23 आणि 10.20.2.0/23 अशा दोन रेंज द्या. मधली लिंक तुटली की एबीआर-१ कडे दुसऱ्या रेंजचा एकही घटक उरत नाही. मग तो ती जाहीर करणं थांबवतो, तिचा Null0 ही निघतो, आणि एबीआर-२ कडून आलेला 10.20.2.0/23 तो बॅकबोनमधून स्वीकारतो. बाहेर एकाऐवजी दोन राउट जातात, एवढीच किंमत. मेंटेनन्स विंडोमध्ये 'क'–'ख' लिंक मुद्दाम पाडा आणि दोन्ही एबीआरवर चारही सबनेटमधल्या एकेका पत्त्यासाठी `show ip route` द्या. आठही उत्तरांत Null0 नको.