शिंगराच्या प्लाझ्माबद्दल आलेल्या तक्रारीला उत्तर

"एक तारा. शिंगरू उभं राहून दूध पीत होतं, थोडं अशक्त होतं एवढंच. तरी लगेच रक्त काढलं, प्लाझ्माच्या दोन पिशव्या चढवल्या, दुसऱ्या दिवशी परत रक्त. नुसतं बिल वाढवलं. गावात शिंगरं अशीच वाढतात."

नमस्कार दादा. तुमचं नाव-गाव न घेता इथेच सविस्तर लिहितो, म्हणजे इतर घोडेवाल्यांनाही उपयोग होईल.

तुमचं शिंगरू आमच्याकडे आलं तेव्हा साधारण आठ तासांचं होतं. निरोगी शिंगरू तासाभरात उभं राहतं आणि दोन तासांच्या आत पिऊ लागतं. याला उभं राहायलाच तीन तास लागले, असं तुमच्या मोतद्दारानेच सांगितलं. ते कासेखाली तोंड घालत होतं, हे खरं. पण त्याच्या कपाळावर दूध वाळून केस चिकटले होते आणि घोडीची कास टणक भरलेली होती. शिंगरू खरंच पीत असेल तर कास सैल पडते. सडातून गळणारं दूध त्याच्या डोक्यावर पडत होतं, पोटात फारसं जात नव्हतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. घोडी व्यायच्या चार दिवस आधीपासून कास गळत होती. घोडीच्या वारेतून पिल्लाला अँटिबॉडीज जात नाहीत, त्या फक्त चिकातून मिळतात, आणि चीक एकदाच तयार होतो. तो गोठ्यातच सांडून गेला होता. आम्ही तिच्या दुधाचे चार थेंब चिकाचा कस दाखवणाऱ्या ब्रिक्स मीटरवर ठेवले तर आकडा आला १२. चांगला चीक २३ च्या वर दाखवतो, पिवळा आणि चिकट असतो. हे पांढरं, पातळ दूध होतं. म्हणजे शिंगरू पोटभर प्यायलं असतं तरी ऊर्जा मिळाली असती, संरक्षण नाही.

मग दुसऱ्या घोडीचा चीक नळीने का नाही दिला? पहिली पसंती तीच असते आणि प्लाझ्मापेक्षा स्वस्तही पडते. पण त्या दिवशी साठवलेला चीक आमच्याकडे नव्हता, तुमच्या ओळखीतही मिळाला नाही. आतडं अँटिबॉडीज सर्वांत जास्त पहिल्या सहा-आठ तासांत ओढून घेतं, २४ तासांपर्यंत ती वाट बंद होते. शोधाशोधीत तेवढा वेळ गेला असता.

रक्ताची किट-टेस्ट दहा-पंधरा मिनिटांत होते. आयजीजी, म्हणजे रक्तातल्या मुख्य अँटिबॉडीचं प्रमाण, ८०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर हवं. ४०० च्या खाली म्हणजे अँटिबॉडीज पोचल्याच नाहीत. तुमच्या शिंगराचं ४०० च्या खाली होतं. एरवी अंतिम निकालासाठी आम्ही १८ ते २४ तासांचं वय होईपर्यंत थांबतो, आणि शिंगरू तरतरीत असतं तर इथेही थांबलो असतो. पण रक्तातली साखर फक्त ४८ होती, पांढऱ्या पेशी कमी होत्या, अंग गार लागत होतं. संसर्गाची शंका असताना उद्याच्या आकड्याची वाट बघणं मला पटत नाही. म्हणून आधी ऊब आणि ग्लुकोज, जंतू शोधण्याच्या कल्चरसाठी रक्त, मग अँटिबायोटिक आणि तयार अँटिबॉडीज देणारा प्लाझ्मा.

शिंगराचं वजन ४० किलो. अंदाज असा की एक लिटर प्लाझ्माने आयजीजी साधारण २०० ने वाढतं; आजारी शिंगरात त्याहून कमी, कारण अँटिबॉडीज लगेच खर्ची पडतात. म्हणून दोन लिटर. सुरुवातीला थेंब थेंब सोडून कुणीतरी शेजारी बसून राहिलं होतं, ते तुम्ही पाहिलंत. थरथर, पित्तासारख्या गाठी किंवा धाप दिसली तर तिथल्या तिथे थांबवावं लागतं. प्लाझ्मा महाग पडतो कारण दाता कुठलाही घोडा चालत नाही: कधीच रक्त न चढवलेला खच्ची घोडा लागतो, त्याची ग्लँडर्स आणि इन्फेक्शियस ॲनिमियाची तपासणी झालेली असावी लागते. व्यायलेल्या घोडीच्या रक्तात दुसऱ्याच्या तांबड्या पेशींविरुद्ध अँटिबॉडीज असू शकतात, म्हणून ती टाळतो.

दुसऱ्या दिवशीचं रक्त बिलासाठी नव्हतं. चढवलेलं अंगात टिकलं का, हे त्याशिवाय कळत नाही. किटवर ४०० ते ८०० च्या मधला रंग आला. पुस्तकाप्रमाणे चाललो असतो तर तिसरी पिशवी लावली असती. पण तोवर शिंगरू स्वतः उठून पीत होतं, कास सैल होती, ताप नव्हता, साखर स्थिर होती. म्हणून तिसरी लावली नाही आणि तेवढे तुमचे पैसे वाचले.

बिलातली प्रत्येक ओळ समजावून सांगायला मी तयार आहे, कागद घेऊन या. पुढच्या वेळी ही घोडी व्यायच्या आधी गळू लागली तर त्याच दिवशी फोन करा, म्हणजे चिकाची सोय आधीच करून ठेवता येईल. आणि येत्या काही आठवड्यांत शिंगराचा एखादा सांधा सुजला, ते लंगडलं किंवा बेंबी ओली दिसली तर सकाळपर्यंत थांबू नका.