पंधरा किलोमीटरचं अंतर कुणाच्या भल्याचं?

"दोन साखर कारखान्यांत १५ किलोमीटरचं अंतर ठेवलंय ते शेतकऱ्याच्याच भल्यासाठी. ते काढलं तर ऊस पुरणार नाही, कारखाने बंद पडतील. आणि कारखानदार बेंगळुरू-दिल्लीला खेटे घालतात ते आपल्या भागासाठीच, त्यात कुणाच्या खिशातलं काय जातं?"

गळीत हंगाम सुरू झाल्यापासून निपाणी, चिक्कोडी, हुक्केरीकडे हा मजकूर फिरतोय. मी ऊस लावणारा माणूस आहे. एकेक मुद्दा घेतो.

शेतकऱ्याचं भलं

तोडलेला ऊस घरात ठेवता येत नाही. चोवीस तास उलटले की वजन घटायला लागतं, साखरही उतरते. माल अवजड, त्यामुळे लांब न्यायचा तर भाड्यातच पैसे जातात. म्हणून ज्याच्या फडाजवळ एकच कारखाना, त्याला गिऱ्हाईकही एकच. आता १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात २००६ साली घातलेलं कलम बघा: चालू कारखान्यापासून १५ किलोमीटरच्या आत नवा कारखाना नको, मग तो दुसऱ्या राज्यात असला तरी. राज्याला हे अंतर वाढवता येतं, महाराष्ट्राने ते २५ केलंय. अंतर मोजायचं ते सरळ रेषेत, हवेतून. आपल्या बैलगाडीचा रस्ता त्यात धरत नाहीत.

एकच गिऱ्हाईक म्हणजे काय, हे मी खोडव्याच्या फडात बघितलंय. तारीख उलटून दीड महिना झाला, उसाला तुरे आले, तरी तोडणीची चिठ्ठी नाही. शेवटी टोळी आली तेव्हा आधी खुशालीचे पैसे मागितले. दिले, कारण दुसरीकडे जायला वाट नव्हती. दोन कारखाने जवळ असते तर मी टोळीशी नाही, कारखान्याशी बोललो असतो.

"एफआरपी आहे की", असं कोणी म्हणेल. एफआरपी म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर, तो खालचा पाया आहे. त्याच्यावर किती मिळणार, हे गिऱ्हाइकं किती यावर ठरतं. नाहीतर ते रस्त्यावर ठरतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुडलगी तालुक्यात गुर्लापूर क्रॉसला शेतकरी दिवसेंदिवस बसून राहिले, तेव्हा ११.२५ टक्के साखर उताऱ्याला टनाला ३,३०० रुपयांचा तोडगा निघाला.

कारखाने बंद पडतील

यात थोडं तथ्य आहे, ते मान्य करतो. एका पट्ट्यात गाळपक्षमता जास्त आणि ऊस कमी असला की हंगाम आखूड होतो आणि कारखान्याचा खर्च निघत नाही. पण अंतराचा नियम यात चांगला कारखाना कोणता नि वाईट कोणता, हे बघत नाही. जो आधी उभा राहिला त्याला तो राखतो. बिलं वेळेवर देणारा, मळीतून नि बगॅसमधून कमी साखर वाया घालवणारा नवा माणूस आला, तरी नकाशावर वर्तुळ आहे म्हणून त्याला बाहेर थांबावं लागतं.

शिवाय वर्तुळ धरून ठेवायला कारखाना चालवावाच लागतो असं नाही. नव्या कारखान्याचा प्रस्ताव केंद्राकडे नोंदवला की त्याच्याभोवतीही १५ किलोमीटर राखले जातात. काम सुरू करायला दोन वर्षं, उत्पादन सुरू करायला चार. नुसत्या कागदावर जागा अडवू नये म्हणून एक कोटीची बँक हमी घेतात. अशी हमी मागावी लागली, यातच सगळं आलं.

केंद्राने नेमलेल्या रंगराजन समितीने २०१२ मध्ये स्पष्ट सांगितलं की ऊसक्षेत्राचं आरक्षण आणि किमान अंतर दोन्ही टप्प्याटप्प्याने काढा, कारखान्याने शेतकऱ्याशी करार करून ऊस मिळवावा. करार करायचा तर शेतकऱ्याला काहीतरी द्यावं लागतं. वर्तुळ असलं की द्यावं लागत नाही.

खिशातलं काय जातं

इथे जरा थांबतो, कारण खरी गोम इथेच आहे.

दिवसाला ५,००० टन गाळणारा, १२० दिवस चालणारा कारखाना धरा. हंगामाला सहा लाख टन. शेजारी स्पर्धक नसल्यामुळे त्याला टनामागे फक्त १०० रुपये कमी द्यावे लागले, तर वर्षाला सहा कोटी वाचले. ऊस तोच, साखर तेवढीच. दोन एकरांत ८० टन काढणाऱ्या शेतकऱ्याचे आठ हजार गेले. आठ हजारांसाठी कोणी दिल्लीला जात नाही, पण सहा कोटींसाठी कारखाना जातो, वकील लावतो, मंत्र्यांच्या दारात माणूस बसवतो.

आता तोच कारखाना चांगलं काम करून किती मिळवील? उतारा अर्ध्या टक्क्याने वाढवला, म्हणजे टनाला पाच किलो साखर जास्त. साखर किलोला ३८ रुपये धरली तर १९० रुपये. पण २०२५-२६ च्या एफआरपीत १०.२५ टक्क्यांच्या वर उताऱ्याच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला टनामागे ३४.६० रुपये शेतकऱ्याला द्यायचे आहेत. अर्ध्या टक्क्याचे १७३. कारखान्याला उरले १७ रुपये, त्यातूनच मशिनरीचा खर्च. (वाढलेला उतारा दरात एक हंगाम उशिरा धरतात, म्हणून पहिल्या वर्षी फायदा जास्त. वाफ नि वीज वाचवली तर तीही सगळी त्याचीच.) शेतकऱ्याला वाटा मिळतो हे योग्यच आहे, मला तो हवाच आहे. पण हिशेब असा की मिल सुधारून १७ आणि वर्तुळ राखून १००. मालकाचं लक्ष कुठे जाईल?

अर्थशास्त्रात याला रेंट सीकिंग म्हणतात, म्हणजे खंड मिळवायची धडपड. आपल्याकडे जमीन खंडाने देतात, तो निदान जमिनीचा खंड. हा खंड नुसत्या सरकारी हुकमाचा. अर्थतज्ज्ञ अॅन क्रूगर यांनी १९७४ मध्ये हे नाव दिलं, आणि त्यांच्यासमोर उदाहरण भारताचंच होतं. आयात परवाने कारखान्याच्या क्षमतेप्रमाणे मिळायचे, म्हणून असलेली यंत्रं रिकामी असतानाही लोक नवी बसवत. १९६४ मध्ये परवान्यांसारख्या बंधनांतून तयार झालेली अशी कमाई त्यांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या ७.३ टक्के धरली. आठ हजार माझ्या खिशातून कारखान्याच्या खिशात गेले, एवढंच असतं तर नुकसान माझ्यापुरतं होतं. पण ते मिळवण्यासाठी जो पैसा, जी वर्षं, जी हुशार माणसं खर्ची पडतात, त्यातून एक पोतं साखर जास्त निघत नाही. ते सगळ्यांचंच जातं.

"आपल्या भागासाठीच"

सीमेवर तरी हे बोलू नये. सप्टेंबर २०२३ मध्ये पाऊस कमी झाला म्हणून महाराष्ट्र सरकारने ऊस राज्याबाहेर न्यायला बंदी घातली. कारण हेच दिलं की आपल्या कारखान्यांना ऊस पुरावा. शेतकरी संघटनांनी आवाज उठवला आणि काही दिवसांत हुकूम मागे घ्यावा लागला. शिरोळ, कागल, चंदगडचा ऊस आमच्याकडच्या कारखान्यांना येतो, निपाणीकडचा कोल्हापूरला जातो. आमचे सोयरे दोन्हीकडे आहेत, ट्रॅक्टर दोन्हीकडे जातात. त्या बंदीने भाग राखला असता तर शिरोळच्या शेतकऱ्याने तिला विरोध का केला असता?

यंदा तुमच्या गावात कोणी हा मजकूर वाचून दाखवला, तर त्याला दोनच गोष्टी विचारा: तुझ्या फडापासून रस्त्याने किती कारखाने गाठता येतात, आणि गेल्या हंगामात तोडणीनंतर किती दिवसांनी बिल जमा झालं? कायद्याने १४ दिवसांत व्हायला हवं, नाहीतर १५ टक्के व्याज.