कँडिडेट नॉट रिचेबल म्हणे!

माझ्या अर्जापुढे सरळ ‘नॉट रिचेबल’ लिहून मोकळे झाले, आणि मी इथे साखळीत घरात बसून दहा दिवस फोनकडे डोळे लावून बसलेलो! वेर्ण्याला एका फार्मा कंपनीत क्यूसीची जागा, पहिला राउंड चांगला झालेला. माझ्यासोबतच्या पोराला दुसऱ्या राउंडचं बोलावणं आलं तेव्हा मी स्वतःहून फोन केला, तर मॅडम म्हणतात, आम्ही तीनदा कॉल केला, मेल पण टाकला, तुम्हालाच इंटरेस्ट नव्हता. अहो इंटरेस्ट नव्हता कसा??

कॉल गेले जुन्या नंबरवर. ते प्रीपेड सिम तीन महिन्यांच्या वर वापरलं नाही, बॅलन्स पण नव्हता, कंपनीने बंद केलं. पोर्टलवर मी नवा नंबर कधीच टाकलेला, पण मॅडमकडे आधी डाउनलोड केलेली पीडीएफ, ती आपोआप बदलते होय? हे माझ्या डोक्यातच आलं नाही, मान्य.

पण मेलचं ऐका. जीमेलला फुकटची जागा 15 जीबी, त्यात मेल, ड्राइव्ह, फोटो सगळं एकत्र, आणि अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्यातच. चवथीला अख्ख्या कुटुंबाने माटोळीचे आणि आरतीचे व्हिडिओ ग्रुपवर टाकले, तेवढ्यात जागा संपली. मला वाटायचं मेल येत नाहीत म्हणजे कोणी पाठवतच नाही. शेवटी बहिणीला म्हटलं एक टेस्ट मेल टाक गो, तर तिलाच उलटा आला, इनबॉक्स फुल म्हणून! म्हणजे मॅडमनाही आलाच असणार, पण त्यांचा मेल नो-रिप्लाय पत्त्यावरून, तिथे परत आलेलं कोण वाचतो? व्हिडिओ उडवले तरी आकडा हलेना, मग कळलं ट्रॅशपण रिकामा करावा लागतो. आणि जागा झाल्यावर परत गेलेला मेल काही आपणहून येत नाही, तो परत मागावाच लागतो.

मग रात्री मेल लिहिला. आधी पानभर रडगाणं झालेलं, दादाने ओरडून कापायला लावलं, म्हणाला त्यांना तुझी चवथ नको, कामाचं लिही. उरलं ते एवढंच: अर्ज क्रमांक, पद, पहिल्या राउंडची तारीख. जुना नंबर बंद झालाय आणि इनबॉक्स भरलेला होता, म्हणून आपले कॉल व मेल मिळाले नाहीत, चूक माझी. आता हा नवा नंबर, हा दुसरा मेल आयडी, दोन्ही तपासून पाहिलेत. जागा भरली नसेल तर दुसऱ्या राउंडला बसायची संधी द्यावी, या आठवड्यात कधीही येऊ शकतो, वेर्ण्याला किंवा व्हिडिओवर. सब्जेक्टमध्येच पद आणि अर्ज क्रमांक टाकला, आणि नवा नंबर वर एकदा, खाली सहीत एकदा, सोबतच्या नव्या पीडीएफमध्ये एकदा.

आज उत्तर आलं. एकच ओळ: कृपया आपला संपर्क क्रमांक कळवा.