त्याला दम लागलाच नव्हता

"मावशी, गुदमरल्यासारखं काहीच झालं नाही गं. उलट मस्त वाटत होतं."

माझा भाचा, वय वर्षं चौदा, दवाखान्यातल्या खाटेवर बसून हे सांगत होता. मी भूलतज्ज्ञ आहे. ऑक्सिजन कमी पडल्यावर माणसाचं काय होतं हे बघणं माझं रोजचं काम. तरी त्याचं 'मस्त वाटत होतं' ऐकून पोटात गोळा आला, कारण ते खरं होतं.

झालं असं. पंचवीस मीटरचा तलाव, मे महिना, मित्रांची पैज: श्वास न घेता पाण्याखालून दोन फेऱ्या. कुणीतरी मोठ्या माणसानं शिकवून ठेवलेलं की उडी मारण्याआधी दहा-बारा जोरजोरात श्वास घ्यायचे, छातीत ऑक्सिजन भरून घ्यायचा. यानं घेतले. पहिली फेरी झकास झाली, वळला, आणि पुढच्या दहा मीटरांत हात संथ होत होत थांबले. काठावरची पोरं सेकंद मोजत ओरडत होती, "अजून दम आहे याचा!" शेजारच्या लेनमधल्या एका काकांच्या पायाला तो लागला म्हणून कळलं. बाहेर काढला तेव्हा ओठ जांभळे होते. नशिबानं दोन-चार श्वास फुंकताच खोकला आणि सुटला.

घरी सगळ्यांचं एकच म्हणणं, "दम संपला होता तर वर का नाही आला?" अहो, दम संपल्याचं त्याला कळलंच नाही. गाडीत पेट्रोलचा काटा असतो, शरीरात जवळजवळ नसतो. आपल्याला 'आता श्वास घे' असं ओरडून सांगतो तो कार्बन डायऑक्साइड. थोडक्यात, शरीर पेट्रोल मोजत नाही, धूर मोजतं. रक्तात त्याचा दाब एरवी ४० मिलिमीटर पारा असतो. श्वास रोखला की तो चढतो, पन्नाशीच्या आसपास गेला की छाती उसळू लागते आणि माणूस झक मारत वर येतो. ऑक्सिजन मोजणारी यंत्रणा मानेतल्या धमन्यांपाशी आहे खरी, पण कार्बन डायऑक्साइड कमी असला की तिचा आवाज फार क्षीण.

आता ते दहा-बारा श्वास काय करतात बघा. त्यांनी कार्बन डायऑक्साइड विशीपर्यंत उतरू शकतो. मग तो पन्नाशीला पोचायला कितीतरी जास्त वेळ लागतो. आणि ऑक्सिजन? रक्त आधीच ९७-९८ टक्के भरलेलं असतं, त्यात आणखी भरणार कुठे? छातीतल्या हवेत थोडा वाढतो, इतकंच.

हिशेबच करू. त्याच्या अंगापिंडाच्या मुलाच्या छातीत चार लिटर हवा धरा. ती हवा आणि रक्त मिळून शुद्ध हरपेपर्यंत वापरता येण्याजोगा ऑक्सिजन जेमतेम पाऊण-एक लिटर. पाण्याखाली जोरात पोहणारे स्नायू मिनिटाला लिटरभर सहज खातात. म्हणजे शिधा पाऊण-एक मिनिटाचा. त्या जोरजोरात घेतलेल्या श्वासांनी त्यात भर पडते फार तर शे-सव्वाशे मिलिलिटरची, सहा-सात सेकंदांची. एवढ्यासाठी धोक्याची घंटा काढून ठेवायची! रक्तातला ऑक्सिजनचा दाब शंभरावरून तिसाच्या खाली घसरतो तेव्हा मेंदू दिवा मालवतो. आधी वेदना नाही, धडपड नाही. अमेरिकेतल्या क्रेग नावाच्या संशोधकानं १९६१ सालीच असे प्रसंग गोळा करून हे कारण लिहून ठेवलंय. आणि आपण अजून पोरांना 'छाती भरून घे' सांगतोय.

मग मेव्हण्यांनी नेहमीचा मुद्दा काढला. "पण पाण्यात शरीर आपोआप ऑक्सिजन वाचवतं ना? सीलसारखं?" वाचवतं. त्या प्रतिक्षेपाचं प्रात्यक्षिक मी त्यांना स्वयंपाकघरात दाखवलं. बादलीत थंड पाणी, चार बर्फाचे तुकडे, बोटाला ऑक्सिमीटर. (हृदयाचे ठोके अनियमित असतील त्यांनी हा उद्योग करू नये, आणि बसून करायचा, शेजारी माणूस ठेवून.) मेव्हण्यांची नाडी ७८. कपाळ, डोळे, नाक पाण्यात घालून श्वास रोखल्यावर वीस-पंचवीस सेकंदांत ६१. चेहऱ्यावरच्या नसा मेंदूला 'पाण्यात गेलो' म्हणून कळवतात, मेंदू व्हेगस नसेतून हृदयाला लगाम घालतो आणि हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळतो, म्हणजे रक्त हृदयाला आणि मेंदूला राखून ठेवलं जातं. ऑक्सिमीटरवरची लाटसुद्धा बारीक झाली होती, ती त्यामुळेच.

मेव्हणे खूश. पण तेवढ्यात मी आकड्याकडे बोट दाखवलं: रक्तातला ऑक्सिजन अजून ९८ टक्के. म्हणजे हा प्रतिक्षेप ऑक्सिजन कमी पडल्यामुळे जागा होत नाही. थंड पाणी आणि थांबलेला श्वास, एवढंच त्याला कळतं. तो काटकसर करतो, सूचना देत नाही. शिवाय ती काटकसर शांत पडून राहिलेल्या माणसाला उपयोगी. जोरात पोहणाऱ्याचे स्नायू मागायचं ते मागतातच. मेमधल्या कोमट तलावात तर हा प्रतिक्षेप बर्फाच्या बादलीइतका जोर धरतही नाही. सीलची गोष्ट वेगळी. त्याच्या स्नायूंतच ऑक्सिजनचा मोठा साठा असतो, रक्तही भरपूर. आपल्याकडे त्याची सवय आली, कोठार नाही आलं.

आणखी एक गोष्ट फिरत असते. १९८६ साली अमेरिकेतल्या यूटा राज्यात अडीच वर्षांची मुलगी ६६ मिनिटं पाण्याखाली राहून वाचली. खरं आहे. पण ते बर्फाळ ओढ्याचं पाणी होतं, चिमुकलं शरीर भराभर गार झालं, आणि गार मेंदूला ऑक्सिजन फार कमी लागतो. आपल्या विहिरीत ते घडत नाही. श्वास थांबून हृदयही थांबलं की चार-सहा मिनिटांत मेंदूचं नुकसान सुरू होतं.

विहिरीवरून आठवलं. आमच्या गावी बुडी मारून तळातली माती मुठीत आणून दाखवायची चाल होती, तुमच्याकडेही असेल. तिथे आणखी एक फसवणूक आहे. दहा मीटर खोलीवर दाब दुप्पट असतो, म्हणून छातीतल्या ऑक्सिजनचा दाबही दुप्पट, आणि तळाशी माणसाला सगळं आलबेल वाटतं. वर येताना तोच दाब निम्म्यावर येतो. म्हणून शुद्ध जाते ती तळाशी नाही, वरच्या काही हातांत, उजेड दिसू लागल्यावर. काठावरच्यांना वाटतं, आलाच वर.

बाहेर काढल्यावर आजही लोक पोटावर दाबतात, उलटं धरून फिरवतात. त्यात वेळ जातो आणि पोटातलं पाणी-अन्न श्वासनळीत शिरतं. श्वास थांबलेल्या बुडालेल्या माणसाला आधी हवा हवी असते: नाक दाबून तोंडानं पाच श्वास, छाती उचलली जातेय का बघत, आणि तरी हालचाल नसेल तर लगेच छातीवर दाब, तीस दाबांमागे दोन श्वास. आणि भाच्यासारखा उठून बसला तरी दवाखान्यात न्यायचाच.

भाच्यानं परवा विचारलं, "मग मी पाण्याखालून पोहायचंच नाही का?" पोह म्हटलं, एक साधा श्वास घेऊन, पैज न लावता. आणि कुणीतरी काठावर नुसतं सेकंद मोजत नाही, तुझ्या हातांकडे बघत असायला हवं. हात थांबले की तिथेच उडी.

"पण रेकॉर्ड?" म्हणाला. मी त्याच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला आणि बादली भरायला घेतली.